हळदीचा आवाज

माझ्या आणि रविताच्या दुकानांमधली भिंत प्लायवूडची आहे. तिच्यातून पलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि लग्नसराईत ते ऐकून माझे कान किटतात. मी लग्नपत्रिका छापतो, ती लग्नाचं मिक्सिंग करते. गोंदियात व्हिडिओ एडिटिंगला कुणी एडिटिंग म्हणत नाही, मिक्सिंगच म्हणतात. पाटीवरही तेच लिहिलंय. एकच सिनेमाचं गाणं सकाळपासून दुपारपर्यंत, तेही पूर्ण नाही, दोन ओळी पुढं, एक ओळ मागं. माणसाने पत्रिकेवरचं वधूचं नाव तपासायचं तरी कसं?

त्या गाण्याच्या जोडीला दुसरा आवाज रविताच्या खुर्चीचा. दर थोड्या वेळाने ती खुर्ची किरकिरते, कारण रविता उठलेली असते. पाणी प्यायला, दारात उभं राहायला, माझ्या काउंटरवरची ताजी पत्रिका उलटून पाहायला आणि त्यातली चूक काढायला. ती माझ्या गावची, बिसेनांची लेक. मी तिला फ्रॉकमध्ये पळताना पाहिलंय आणि आजही ती तशीच आहे. पायाला भिंगरी म्हणतात ना, ती हिच्या पायाला नाही, डोक्यालाच लागलेली आहे. बसून करायच्या धंद्यात ही बाई पडलीच कशी, हा मला पडलेला जुना प्रश्न.

उत्तर तसं सोपं आहे. तिचा नवरा भुवनेश्वर लग्नाचं शूटिंग करायचा आणि मिक्सिंग बाहेर द्यायचा. तिथं पोरींचे चेहरे हिरवे आणि नवरदेव निळा होऊन यायचा. लग्नानंतर रविताने ते एकदा पाहिलं आणि म्हणाली, "यापेक्षा मी करतो." बसली कॉम्प्युटरसमोर. शिकली. आता आमगाव, तिरोड्याचे फोटोग्राफरसुद्धा तिच्याकडे मिक्सिंग टाकतात.

कामाचा क्रम ती असा तोंडपाठ सांगते की शाळेत पाढेही तिने कधी असे म्हटले नसतील. मला तो ऐकून ऐकून पाठ झालाय. इंद्रकुमार म्हणून तिच्याकडे दुसरा कॅमेरावाला आहे, त्याच्या डोक्यात ती रोज ओतत असते. "आधी कार्ड कॉपी. एका डिस्कवर नाही, दोन डिस्कवर. मग कार्यक्रमाप्रमाणे फोल्डर. हळद वेगळी, मंडप वेगळा, बिदाई वेगळी. मग दोन्ही कॅमेरे जुळवायचे. मग सगळं पाहायचं, सगळं, अन् रफ कट लावायचा. लांब झाला तं होऊ दे. मग फाइन कट. चित्र एकदा लॉक झालं की हात लावायचा नाही. त्यानंतर रंग, त्यानंतर आवाज, सगळ्यात शेवटी एक्सपोर्ट. मधातली पायरी सोडली तं उलटा येऊन पायरीवरच पडशील."

मला हे पटतं. आमच्याकडेही आधी जुळणी, मग प्रूफ, मग छपाई. छापून झाल्यावर प्रूफ वाचणारा माणूस मी पाहिलाय, आता तो हा धंदा करत नाही.

पण ही जी बाई इंद्रकुमारला धडे देते, ती स्वतः एक पायरी नेमाने खाते. रफ कटच्या आधी सगळं पाहायचं आणि ऐकायचं असतं, ते तिच्याने होत नाही. लग्न म्हणजे तासन् तास लोक जेवताहेत, कुणी कुणाची वाट बघतंय, कुणी मंडपाची दोरी बांधतंय. हे बसून ऐकायला साधूचा धीर लागतो. रविता काय करते, टाइमलाइनच्या पट्टीवर कार्डातलं शूटिंग ओतलं की कॅमेऱ्याचा आवाज चित्रापासून सोडवते आणि उडवून टाकते. त्या जागी गाणं अंथरते. मग गाण्याच्या ठेक्यावर चित्र कापते. गिऱ्हाइकालाही तेच पाहिजे असतं. लग्नाच्या व्हिडिओत लग्नाचा आवाज कुणी मागत नाही. म्हणून तिची ही खोड कुणाच्या डोळ्यावर आली नव्हती.

ती आली दुर्गेश्वरीमुळे.

दुर्गेश्वरी बिरसीकडच्या चैतराम पटल्यांची मुलगी. लग्न उन्हाळ्याच्या सुरुवातीला झालेलं, पत्रिका मीच छापलेली. पावसाळा तोंडावर आला तेव्हा ती पेन ड्राइव्ह घ्यायला आली. रविताने तिला शेजारी बसवून व्हिडिओ लावला आणि मलाही हाक मारली, कारण कौतुक करायला तिला एक माणूस लागतो. छान केलं होतं. हळदीत तर इंद्रकुमारने कमाल केली होती. हळद हवेत उडतेय आणि एकेक कण सावकाश खाली येतोय, वर सिनेमाचं गाणं. बायकांच्या घोळक्यात मधे एक म्हातारी तोंड उघडून काहीतरी म्हणतेय, तेही सावकाश.

दुर्गेश्वरी तिथं थांबली. "ताई, आजीचं गाणं कुठं हाय?"

"कोणतं गाणं?"

"आजी गाऊन राहिली ना इथं. पोवारी गाणं, आपल्या बोलीतलं. त्याचा आवाज?"

रविता म्हणाली, आवाज कुणी ठेवत नाही गं, गाणं लावतो आपण. आणि ती पोरगी रडायलाच लागली. मला वाटलं, आजकालच्या पोरींचं काही खरं नाही. मग तिने सांगितलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत धनवंताआजीला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द निघत नाही. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं की तिला तिच्या ओळखीची गाणी ऐकवा, बोलणं गेलेल्या माणसाला कधीकधी गाणं येतं. खात्री देत नाही, पण ऐकवा. घरच्यांनी फोनवर भजनं लावून पाहिली, सिनेमाची जुनी गाणी लावून पाहिली. आजी तोंड फिरवते. तिला येतात ती गाणी फक्त लग्नातली, आणि ती गाणारी गावात तीच एक उरली होती. बाकीच्या बाया तिच्या मागून म्हणायच्या, त्यांना पुढची ओळ येत नाही. म्हणजे ती गाणी या जगात कुठं असतीलच, तर भुवनेश्वरच्या कॅमेऱ्यात.

"आज नाही देत पेन ड्राइव्ह," रविता म्हणाली. "दोन दिवसांनी ये. आजीचा आवाज टाकून देतो."

पोरगी गेली. रविताने त्या लग्नाचं काम उघडलं, आणि भिंतीपलीकडून मला आवाज आला नाही, म्हणून मी डोकावलो. पडद्यावर लालभडक. जिथं हळद उडत होती तिथं नुसती लाल पट्टी आणि 'मीडिया ऑफलाइन' असं लिहिलेलं. म्हणजे काम आहे, पण ज्यावर काम केलं ते मूळ शूटिंग जागेवर नाही. तयार व्हिडिओ एक्सपोर्ट झाल्याबरोबर तिने कॉम्प्युटरमधली कॉपी उडवली होती, पुढच्या लग्नाला जागा पाहिजे म्हणून.

"दुसऱ्या डिस्कवर आहे ना?" मी विचारलं. दोन डिस्कचं पुराण मलाही येत होतंच.

"ते इंद्रकुमार घेऊन गेला."

"कुठं?"

"देवरीले. लग्नात. कार्ड भरली तं कॉपी करायले." तिने माझ्याकडे न पाहता सांगितलं. "मीच म्हटलं, जुनं उडवून जागा कर."

गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन जाईस्तोवर दुसरी कॉपी हलवायची नाही, हा नियम तिचाच. तिने इंद्रकुमारला फोन लावला. देवरीच्या पुढं जंगलात रेंज म्हणजे देवाची कृपा. पुन्हा लावला. पुन्हा. भुवनेश्वर सालेकशाला शूटिंगला गेलेला. खुर्ची किरकिरली, दार वाजलं, आणि मी बाहेर येऊन पाहतो तर बाई पर्स काखेत मारून बस स्टँडकडे निघालेली.

"अवो, फोन लागेल ना थोड्या वेळानं!" मी ओरडलो.

"लागेस्तोवर तो उडवून टाकील, भाऊ! काऊन थांबू मी?"

त्या प्रवासाचं तिने मला नंतर सांगितलं. बस जागोजागी थांबत होती आणि प्रत्येक थांब्यावर तिला खाली उतरून पळत जावंसं वाटत होतं. कंडक्टरने दोनदा म्हटलं, बाई, बसा जी, गाडी तुमच्या उभ्या राहण्यानं जोरात नाही चालत. देवरीला उतरून ती ऑटोने लग्नाच्या गावात पोचली, तेव्हा इंद्रकुमार मंडपामागे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. एक जुनं लग्न त्याने उडवलं होतं. चैतराम पटल्यांकडचं लग्न त्याच्या खालोखाल होतं, ते जेवण झाल्यावर उडवणार होता. पंगत वेळेवर बसली नव्हती, एवढंच आमचं नशीब. रविताने त्याच्या हातातून डिस्क काढून घेतली आणि पर्समध्ये टाकली. त्याला बोलणार काय? त्याने तिचंच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क लागली. फोल्डरांची नावं तीच होती म्हणून कॉम्प्युटरला सगळं सापडलं, लाल जाऊन हळद परत आली. आता आवाज. इंद्रकुमारच्या कॅमेऱ्यातला तो सुंदर सावकाश भाग तिने पुन्हा ऐकायला लावला, आणि तिथं शांतता. तसल्या स्लो मोशनमध्ये त्याचा कॅमेरा आवाज घेतच नाही. तिला हे माहीत होतं, पण माहीत असलेलं माणूस घाईत विसरतं.

आवाज होता तो भुवनेश्वरच्या मोठ्या कॅमेऱ्यात. तिने तो लावला, आणि माझ्या भिंतीतून जे आलं ते आधी नुसतं दणदण होतं. रस्त्यावर धुमाल, म्हणजे आमच्याकडचा लग्नाचा ताफा, वाजत होतं, ते ढोल. त्यावर घरघर, कारण बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. आणि त्या सगळ्याच्या खाली, कुठंतरी चुलीपाशी बसल्यासारखा, एक बारीक पण न हलणारा आवाज. म्हातारीचा. ती एक ओळ म्हणायची आणि बाया तीच ओळ मागून ओढायच्या.

मी पत्रिका मोजत होतो, ते राहिलं. माझ्या आईच्या तोंडची ती चाल. प्रत्येक ओळ तीच, फक्त त्यात नाव बदलतं. आधी नवरीच्या बापाचं, मग काकाचं, मग मामाचं, असं एकेकाला, गेलेल्यांनाही, हळद लावायला बोलावतात. आई गेल्यावर मी ही चाल कुठंच ऐकली नव्हती. माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही. नंतर मी भिंतीवर टकटक केलं आणि ओरडलो, "रविता, हे ऐकून का नव्हतं पाहिलं तू आधी?"

पलीकडून खुर्ची तेवढी किरकिरली.

मग तिचा जुगाड सुरू झाला. तयार व्हिडिओतलं सिनेमाचं गाणं काढायचं, त्याखाली आजीचा आवाज सरकवायचा, झालं. तिने करून पाहिलं. म्हातारीचं तोंड सावकाश उघडतंय आणि आवाज भराभर येतोय. दिसायला भयंकर. शिवाय ठेक्यावर कापलेले तुकडे, एक आला नाही तोवर दुसरा. गाण्यात आजी नवरीच्या मामाला बोलावतेय आणि चित्रात कुत्रं मंडपात शिरतंय. मला हसू आलं, तिला नाही आलं. ती दारात येऊन उभी राहिली. आत गेली. परत आली.

"सगळं उसवा लागते, भाऊ," ती म्हणाली. "हळद पुरी काढून रफ कटपासून."

"मग उसव."

"त्याच्यासाठी अख्खं ऐका लागते."

"मग ऐक ना, बाई. कोणी गळा धरून राहिला का तुझा?"

तिने ऐकलं. म्हणजे ऐकत बसली, उठली, परत बसली. भुवनेश्वरच्या कॅमेऱ्यातलं आजीचं अख्खं गाणं एका सलग तुकड्यात टाइमलाइनवर ठेवलं. त्यापुढचं चित्र पुढं सरकलं आणि गाणी जागच्या जागी राहिली, मंडपावरचं गाणं वरातीवर गेलं, बिदाईचं मंडपावर. ते पुन्हा जागेवर आणायला तिला बराच वेळ लागला, आणि तोंडाने ती कुणाला शिव्या घालत होती ते मी विचारलं नाही. हा झाला रफ कट, जाडाभरडा.

फाइन कट करताना ती जरा खुलली. सलग चित्र कंटाळवाणं होतं, तिथं तिने वरून इंद्रकुमारचे सावकाश तुकडे लावले. खाली आवाज आजीचाच चालू, वर कधी नवरीचे हात, कधी हळदीची वाटी. आजीचं तोंड दिसेल तेव्हा मात्र मोठ्या कॅमेऱ्याचंच चित्र, म्हणजे ओठ जुळतात. मी उभा राहून पाहत होतो. मधे एका ठिकाणी कॅमेरा एकदम खाली आला. भुवनेश्वरला कुणीतरी नाश्त्याला हाक मारली होती, त्याने कॅमेरा चालू ठेवूनच खाली लोंबकळवला. पडद्यावर जमीन, आणि बायांच्या चपला.

"ह्या चपला कोण पाहील?" रविताने तेवढा तुकडा चित्रासकट, आवाजासकट कापला आणि दोन्ही टोकं जोडली. जोडावर आवाज असा हलकेच एकातून दुसऱ्यात सोडला की ओरखडासुद्धा ऐकू येईना.

"गाण्यातलं काही गेलं का?" मी विचारलं.

"एक ओळ. सगळ्या सारख्याच तं हायेत, एक नाव गेलं तं कोणाले कळते?" आणि तिने तो जोड मला दोनदा ऐकवला, कौतुकासाठी. मीही केलं. खरंच कळत नव्हतं.

चित्र लॉक केलं. मग रंग. हिरव्या कापडाच्या मंडपाखाली मोठ्या कॅमेऱ्यात हळद शेवाळासारखी दिसत होती, ती तिने इंद्रकुमारच्या कॅमेऱ्यातल्या पिवळ्याशी मिळवली. मग आवाज. ढोलाचा दणका खालच्या पट्टीत असतो, ती पट्टी तिने कमी केली. विमानाच्या घरघरीसाठी जिथं नुसती घरघर आहे असा तुकडा नमुना म्हणून दिला आणि तेवढी काढायला लावली. आधी जास्त काढली तर आजी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी ऐकू आली. मग थोडं विमान राहू दिलं. "घरचंच हाय ते," म्हणाली. आजीचा आवाज वर आणला, पण फाटणार नाही एवढाच. एक्सपोर्ट लावला आणि तो होईस्तोवर माझ्या दुकानात येऊन माझ्या तीन पत्रिकांत चुका काढल्या. त्यातली एक खरोखरच होती.

आजीसाठी माहेरी आलेली दुर्गेश्वरी पेन ड्राइव्ह घ्यायला येईस्तोवर रविताला धीर निघेना, तिने आम्हीच येतो म्हणून फोन केला. भुवनेश्वर परत आला नव्हता, म्हणून मीच माझ्या मोटारसायकलवर तिला बिरसीकडे नेलं. वाटेत धानाच्या बांध्यांत रोपांसाठी पऱ्हे टाकलेले, वर विमान गोल फिरतंय, आणि ही मागून सारखी, "भाऊ, जोरात चालवा ना."

चैतराम पटले स्वभावाने कमी बोलणारे, त्यांनी टीव्ही आधीच पुसून ठेवला होता. धनवंताआजीला खाटेवर भिंतीशी टेकवून बसवलं होतं. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. नजर मात्र तल्लख. मी रामराम केला तर तिने डाव्या हाताने बस म्हणून खुणावलं.

व्हिडिओ सुरू झाला. गणपती, पत्रिका, सिनेमाचं गाणं. आजीने दारातून बाहेर पाहायला सुरुवात केली. रविता माझ्या शेजारी उभी, बसा म्हटलं तरी बसली नाही. मग हळद आली.

आजीची मान वळली. स्वतःचा आवाज ऐकून माणूस कसं पाहील ते मला सांगता येणार नाही. तिने आधी टीव्हीकडे पाहिलं, मग दुर्गेश्वरीकडे, हे कोण गातंय असं. मग ऐकू लागली. ओठ हलत नव्हते. डाव्या हाताची बोटं मात्र खाटेच्या कडेच्या लाकडी पाटीवर ठेका धरत होती. एकेक नाव येत होतं, बाया मागून ओढत होत्या. चैतराम भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आणि मधेच आजी बिघडली. बोटं थांबली. तिने हात पाटीवर आपटला, एकदा, दोनदा, जोरात. घशातून काहीतरी खरखर निघू लागली. मान नाही नाही अशी हलवू लागली. मला वाटलं, पुन्हा झटका आला. चैतराम धावले. "बंद कर, बंद कर ते!" दुर्गेश्वरीने रिमोट दाबला. चित्र थिजलं.

चैतरामांनी आजीचा खांदा धरला. आणि आजीने गायला सुरुवात केली.

शब्द नव्हते आधी, नुसती चाल, फाटकी, पण चाल पुरी. ओळ अर्ध्यावर आली. तिने श्वास घेतला, तोंड वाकडं झालं, आणि नाव निघालं. स्वच्छ. "रेवाराम."

चैतराम तिच्या पायाशी बसले. रेवाराम त्यांचा बाप. आजीचा नवरा, जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दुर्गेश्वरी रडत रडत म्हणाली, "आजी आजाचं नाव घेतच नव्हती कधी. फक्त या गाण्यात घ्यायची, लग्नात. बाकी कधीच नाही."

मी रविताकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरलेला. मलाही तोवर कळलं होतं. चपलांवरची ओळ. सगळ्या ओळी सारख्याच, एक नाव गेलं तर कुणाला कळतं? जिला कळायचं तिला कळलं होतं.

"मी कापली ती ओळ," रविता म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चपला दिसत होत्या म्हणून कापली. आजाचं नाव होतं, मी ऐकलंच नाही. आजी, चुकलं माझं." तिने पर्स उचलली. "आत्ता जातो, आत्ता टाकून आणतो. ओळ हाय माझ्याजवळ, डिस्कवर हाय. चला भाऊ."

ती उंबऱ्याशी पोचली होती. दुर्गेश्वरीने मागून हाक मारली. "ताई, थांबा जरा."

रविता थांबली.

"ओळ नका टाकू," दुर्गेश्वरी म्हणाली. "जागा टाका. चित्र राहू द्या, चपला राहू द्या, आवाज बंद करा. तेवढी ओळ आजी म्हणेल."

रविताला हे पटकन उमगलं नाही. तिने आजीकडे पाहिलं. आजी टीव्हीकडे बोट दाखवत होती, पुढं चालू करा म्हणून.

आम्ही दुपारी परत आलो. मी माझं दुकान उघडलं, तिने तिचं. भिंतीतून मला एकेक कळत होतं. लॉक केलेलं चित्र उघडलं. जोड उसवला. चपलांचा तुकडा होता तिथं परत ठेवला, पुढचं सगळं तेवढं सरकवलं. जमीन आणि चपला, त्यावरही तिने रंग मिळवला असणार, ती तशीच आहे. मग त्या तुकड्याचा आवाज बंद केला. या बाईने आयुष्यात हजार वेळा कॅमेऱ्याचा आवाज बंद केला असेल, पण त्यासाठी एवढा वेळ कधी घेतला नव्हता. एक्सपोर्ट झाला. आता एकदा पुरा पाहायचा, ही एक्सपोर्टनंतरची पायरी, जी ती नेहमी पळवून पाहते.

गाणं सुरू झालं. बापाचं नाव आलं, काकाचं, मामाचं. मी हातातली पत्रिका खाली ठेवली. मग गाणं थांबलं. धुमाल नाही, विमान नाही, काही नाही. एवढी शांतता त्या भिंतीतून मी कधी ऐकली नव्हती. मी खुर्ची किरकिरायची वाट पाहिली. पुढची ओळ सुरू झाली, बायांनी ती ओढली, तरी खुर्ची वाजली नाही.